अन्नसाखळीतील उलटे बाण : दुवा, दिशा आणि गुण यांचा उलगडा

विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासताना परिसंस्थेच्या प्रकरणात एक अडचण दरवर्षी येते. विद्यार्थ्याने जीवांची नावे बरोबर निवडलेली असतात, कोण कोणाला खातो हेही त्याला ठाऊक असते, आणि तरीही आकृतीतील बहुतेक बाण उलटे निघतात. एक शिक्षक अशा उत्तराला जवळजवळ शून्य गुण देतात, दुसरे ‘मुलाला कळलेले आहे’ असे म्हणून पूर्ण गुण देतात, आणि पुढच्या वर्षी तेच विद्यार्थी तसेच बाण पुन्हा काढतात. ‘बाण उलटा’ असा लाल शेरा मारून ही चूक सुटत नाही, कारण उलटा बाण हे केवळ लक्षण आहे आणि त्यामागची कारणे किमान तीन वेगवेगळी आहेत. कोणते कारण लागू आहे हे ओळखल्याशिवाय गुणही नीट देता येत नाहीत आणि दुरुस्तीही सांगता येत नाही.

पुढील विवेचनासाठी खाडीची परिसंस्था घेतली आहे. कोकणातील मुलांना कांदळवन, कोळंबी, बोई आणि तांबोशी ही नावे गवताळ प्रदेशातील ठरावीक साखळीपेक्षा जवळची असतात. शिवाय पाठ्यपुस्तकाच्या धर्तीवर केलेली नमुना उत्तरे खाडीच्या बाबतीत एका ठिकाणी तोकडी पडतात, त्याचा उल्लेख पुढे येईल.

एकच उत्तर, तीन वेगळे गुण

समजा, नववीच्या वर्गाला पुढील दहा नावे देऊन आकृती काढण्यास सांगितले : सूर्य, तिवराचे झाड, गळलेली पाने, जिवाणू व बुरशी, चिखलावरचे शेवाळ, कोळंबी, बोई, तांबोशी, बगळा आणि माणूस. एका विद्यार्थिनीने दहा बाण काढले आणि प्रत्येक बाणावर एकेक शब्द लिहिला. तिची आकृती अशी आहे.

१. सूर्य → तिवराचे झाड (प्रकाश देतो)
२. सूर्य → चिखलावरचे शेवाळ (प्रकाश देतो)
३. तिवराचे झाड → गळलेली पाने (गाळते)
४. जिवाणू व बुरशी → गळलेली पाने (कुजवतात)
५. कोळंबी → गळलेली पाने (खाते)
६. बोई → चिखलावरचे शेवाळ (खाते)
७. तांबोशी → कोळंबी (खाते)
८. बगळा → बोई (पकडतो)
९. माणूस → तांबोशी (पकडतो)
१०. तिवराचे झाड → बगळा (घरट्याला जागा देते)

आता ही आकृती तीन प्रकारे तपासून पाहावी. ती संकल्पना चित्र म्हणून वाचली, तर दहाही बाण खरे ठरतात, कारण ‘कोळंबी गळलेली पाने खाते’, ‘माणूस तांबोशी पकडतो’, ‘तिवराचे झाड बगळ्याच्या घरट्याला जागा देते’ ही सर्व विधाने वस्तुस्थितीला धरून आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात संकल्पना चित्राची जी पद्धत विकसित केली, तिच्यात तपासणीचा मूळ घटक हाच आहे. एक संकल्पना, जोडणारा शब्द आणि दुसरी संकल्पना यांचे मिळून एक विधान होते, आणि ते विधान खरे असेल तर दुवा बरोबर मानला जातो. या रीतीने विद्यार्थिनीला दहापैकी दहा गुण मिळतील.

तीच आकृती ऊर्जाप्रवाहाचा ओघतक्ता म्हणून वाचली आणि दुवा व दिशा दोन्ही बरोबर असतील तरच एक गुण द्यायचा असे ठरवले, तर केवळ पहिले तीन बाण टिकतात आणि तिला तीन गुण मिळतात. दुव्याला अर्धा आणि दिशेला अर्धा अशी विभागणी केली, तर नऊ दुवे योग्य असल्यामुळे साडेचार आणि तीन दिशा योग्य असल्यामुळे दीड, असे एकूण सहा गुण होतात. दहावा बाण अन्नाचा संबंध दाखवत नाही, म्हणून ऊर्जाप्रवाहाच्या आकृतीत त्याला दुव्याचेही गुण नाहीत.

दहा, तीन आणि सहा या आकड्यांमधला हा फरक तपासणाऱ्याच्या स्वभावातून आलेला नाही. प्रश्नात बाणाचा अर्थ सांगितलेला नाही, म्हणून तो पडला आहे. संकल्पना चित्रात बाण वाक्याच्या दिशेने जातो आणि अन्नसाखळीत तो ऊर्जेच्या दिशेने, म्हणजे खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो. ‘खाते’ हा शब्द जोडणारा शब्द म्हणून वापरला, की या दोन दिशा नेमक्या एकमेकींच्या विरुद्ध होतात. म्हणून ज्या प्रश्नपत्रिकेत केवळ ‘खालील घटकांवरून संकल्पना चित्र तयार करा’ एवढेच लिहिलेले असेल, तिथे वरील विद्यार्थिनीचे गुण दिशेसाठी कापणे माझ्या मते अन्यायाचे आहे. ‘ऊर्जेचा प्रवाह दाखवणारा ओघतक्ता काढा’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र दिशा हाच विषय आहे आणि ते गुण कापलेच पाहिजेत.

उलटेपणा ओळखण्याची झटपट तपासणी

चाळीस-पन्नास उत्तरपत्रिकांमध्ये प्रत्येक बाण नमुना उत्तराशी ताडून पाहणे वेळखाऊ असते, आणि विद्यार्थ्याने चौकटी वेगळ्या जागी मांडल्या असतील तर नजर सहज चुकते. त्याऐवजी आकृतीतील दोन जागा आधी पाहाव्यात.

पहिली जागा उत्पादकाची. तिवराचे झाड, शेवाळ, भाताचे रोप यांपैकी जे उत्पादक आकृतीत असतील, त्यांच्याकडे येणारा ऊर्जेचा बाण फक्त सूर्याकडून आलेला असला पाहिजे. एखाद्या प्राण्याकडून निघालेला बाण उत्पादकाच्या चौकटीत शिरत असेल, तर तिथे दिशा उलटलेली आहे हे लगेच कळते. वरील आकृतीत बोईकडून शेवाळाकडे आलेला बाण तसा आहे.

दुसरी तपासणी बोटाने करायची. सूर्यावर बोट ठेवून केवळ बाणांच्या दिशेने पुढे सरकत जावे. योग्य आकृतीत कोणत्याही वाटेने गेले तरी बोट शेवटी सर्वोच्च भक्षकापाशी किंवा विघटकांपाशी पोहोचते. वरील आकृतीत सूर्याकडून तिवराकडे, तिवराकडून गळलेल्या पानांकडे असे गेल्यावर वाट तिथेच संपते, कारण पानांच्या चौकटीत तीन बाण येतात आणि बाहेर एकही जात नाही. दुसऱ्या फांदीने गेल्यास सूर्याकडून तिवराकडे, तिथून बगळ्याकडे, बगळ्याकडून बोईकडे आणि बोईकडून शेवाळाकडे असा प्रवास होतो. या आकृतीप्रमाणे बगळा घरट्यावर पोट भरतो आणि बोई बगळ्यावर जगते. ही वाट विद्यार्थिनीला स्वतःच्या बोटाने चालायला लावली, तर चूक कुठे आहे ते बहुधा तिचे तिलाच दिसते आणि शेरा लिहिण्याची गरज उरत नाही.

दोन बाणांची टोके एकाच मधल्या चौकटीत येऊन भिडतात आणि तिथून पुढे काही जात नाही, हे या चुकीचे सर्वांत ठळक दृश्य चिन्ह आहे. सर्वोच्च भक्षक आणि विघटक सोडून इतर कोणत्याही चौकटीत ते आढळले, तर तेथील बाण एकेक करून पाहावेत.

तीन कारणे आणि त्यांच्या खुणा

पहिले कारण म्हणजे बाणाला कृती समजणे. असा विद्यार्थी जो काहीतरी करतो त्याच्याकडून बाण काढतो. सूर्य प्रकाश देतो, म्हणून सूर्याकडून बाण. बगळा मासा पकडतो, म्हणून बगळ्याकडून बाण. त्यामुळे या प्रकारात सूर्यापासून निघणारे बाण बरोबर येतात आणि प्राण्यांचे सगळे बाण उलटे येतात. तपासताना इथे एक चकवा असतो. सूर्य ते वनस्पती हा बाण बरोबर पाहून ‘निदान सुरुवात तरी समजली आहे’ असे वाटते, पण तो बाणही ज्या तर्काने काढलेला आहे तो तर्क इतर बाणांना चुकवणाराच आहे. वरील विद्यार्थिनीची आकृती याच प्रकारातील आहे आणि तिच्या बाणांवरील क्रियापदे ते उघड सांगतात. बाणांवर शब्द लिहायला लावण्याचा हा मोठा फायदा आहे, कारण शब्द नसता तर उलट्या बाणाचे कारण तर्काने शोधावे लागले असते.

दुसरे कारण म्हणजे ओळीची सवय. विद्यार्थ्याने साखळी पाठ केलेली असते आणि डावीकडून उजवीकडे बाण काढण्याचा हात बसलेला असतो. अशा विद्यार्थ्याला नावे वेगळ्या क्रमाने दिली, तर तो दिलेल्या क्रमानेच बाण काढत जातो, त्यामुळे काही बाण सुलट आणि काही उलट येतात व त्यांत कोणताही नियम सापडत नाही. बाणांवर शब्द लिहायला सांगितले तर तो बहुतेक वेळा एकच शब्द सगळीकडे लिहितो किंवा जागा कोरी सोडतो. इथे चूक केवळ दिशेची नाही, कारण कोण कोणावर अवलंबून आहे हाच विचार झालेला नसतो, आणि म्हणून दिशेचे अर्धे गुण योगायोगाने मिळाले तरी त्यांना फार अर्थ नसतो.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण त्यात उत्तर बहुधा बरोबर येते. काही मुलांनी ‘बाण लहानाकडून मोठ्याकडे’ असा स्वतःपुरता नियम बसवलेला असतो. भात, टोळ, बेडूक, दिवड, मोर या साखळीत तो नियम जवळजवळ पूर्ण चालून जातो आणि पूर्ण गुण मिळवून देतो. म्हैस आणि गोचीड अशी जोडी दिली की तो उघडा पडतो. गोचीड म्हशीचे रक्त शोषते, म्हणून ऊर्जा म्हशीकडून गोचिडीकडे जाते आणि बाण मोठ्याकडून लहानाकडे काढावा लागतो. आंब्याचे झाड आणि त्याच्या मोहोरातील रस शोषणारा तुडतुडा ही जोडीही तीच परीक्षा घेते. ज्याच्या आकृतीत सर्व बाण बरोबर आहेत पण ज्याने गोचिडीकडून म्हशीकडे बाण काढला, त्याची संकल्पना अजून कच्ची आहे असे समजावे. अशी एक तरी जोडी प्रत्येक प्रश्नात असावी, असे माझे मत आहे.

बाणाचा उल्लेख न करता विचारायचे प्रश्न

आकृतीवरून कारण नक्की होत नसेल, तर विद्यार्थ्याला समोर बसवून दोन-तीन मिनिटांत निर्णय घेता येतो. या प्रश्नांत बाण हा शब्द येऊ देऊ नये, कारण तो आला की मूल आपली चूक काय असेल याचा अंदाज बांधून उत्तर फिरवते.

पहिला प्रश्न असा विचारावा : या वर्षी खाडीत कोळंबी आलीच नाही, तर सर्वांत आधी कोणाचे हाल होतील? विद्यार्थिनी ‘तांबोशीचे, आणि मग आमचे’ असे म्हणाली, तर तिला संबंध नीट कळलेला आहे आणि चूक केवळ बाणाच्या संकेताची आहे. ‘पाने संपतील’ किंवा ‘तिवर वाळेल’ असे उत्तर आले, तर मात्र अवलंबित्वच उलटे समजलेले आहे आणि तिथे संकेत सांगून भागणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल जातो : तांबोशीच्या अंगातले मांस कशापासून तयार झाले? इथे विद्यार्थ्याला कोळंबी, गळलेली पाने, तिवर आणि सूर्यप्रकाश असे मागे मागे जाता आले पाहिजे. बरीच मुले ‘पाण्यापासून’ असे उत्तर देतात. त्यांची आकृती कितीही सुबक असली तरी अन्नासोबत पदार्थ आणि ऊर्जा पुढे सरकते ही कल्पना त्यांच्या मनात तयार झालेली नसते.

तिसऱ्यासाठी कोऱ्या कागदावर हापूसचा मोहोर, तुडतुडा आणि कोळी ही तीन नावे त्रिकोणाच्या तीन कोनांवर लिहावीत आणि ऊर्जा कशी जाते ते दाखवायला सांगावे. त्रिकोणात डावे-उजवे किंवा वर-खाली असा ठरलेला क्रम नसल्यामुळे ओळीची सवय इथे उपयोगी पडत नाही. मोहोराकडून तुडतुड्याकडे आणि तुडतुड्याकडून कोळ्याकडे असे दोनच बाण आले पाहिजेत. तिसऱ्या बाजूवरही बाण काढून त्रिकोण बंद करणारे विद्यार्थी आढळतात, त्यांचा विचार पुढे जलचक्राच्या ओघात येईल.

दुरुस्ती

ज्यांची चूक केवळ संकेताची आहे, त्यांच्यासाठी बाणावरील शब्द बदलणे पुरेसे ठरते. ‘खाते’, ‘पकडतो’, ‘कुजवतात’ ही क्रियापदे काढून टाकावीत आणि प्रत्येक बाणावर केवळ ‘ऊर्जा’ लिहायला लावावे. मग बाण मोठ्याने वाचताना ‘कोळंबीतील ऊर्जा तांबोशीकडे जाते’ असे पूर्ण वाक्य म्हणायला सांगावे. वरील आकृतीतील सातवा बाण असा वाचला, की ‘तांबोशीतील ऊर्जा कोळंबीकडे जाते’ हे वाक्य कानाला खटकते आणि मूल स्वतःच थांबते. दहावा बाण तर वाचताच येत नाही, कारण घरट्याच्या जागेतून बगळ्याला ऊर्जा मिळत नाही. त्यामुळे अन्नाशी संबंध नसलेले दुवे वेगळे शिकवावे लागत नाहीत, ते आपोआप गळतात.

काही ठिकाणी ‘बाण पोटाकडे’ अशी सोपी खूण शिकवली जाते. प्राथमिक वर्गांत ती चालते, पण वनस्पती आणि जिवाणू यांना पोट नसल्यामुळे सूर्य ते तिवर आणि पाने ते जिवाणू या दोन्ही ठिकाणी मुले पुन्हा अडखळतात. नववीसाठी ती खूण वापरू नये.

ज्यांनी अवलंबित्वच उलटे समजले आहे, त्यांना आधी आकृती काढायलाच लावू नये. त्यांच्याकडून ‘कोण कोणावर जगतो’ अशी साधी दोन रकान्यांची यादी करून घ्यावी, ती बरोबर आल्यावरच चौकटी आणि बाण यांकडे वळावे. चुकीची समजूत तशीच ठेवून केवळ बाण उलटवायला शिकवले, तर पुढच्या परीक्षेत दोन चुका एकमेकींना रद्द करून बरोबर उत्तर देतात आणि शिक्षकाला काहीच कळत नाही.

नमुना उत्तर जिथे तोकडे पडते

सर्वसाधारण नमुना उत्तरात विघटकांची चौकट शेवटी असते आणि सर्व पातळ्यांकडून तिच्याकडे बाण जातात. गवताळ प्रदेशाची आकृती म्हणून ते ठीक आहे, पण खाडीत विघटक हे शेवटचे स्थानक नसते. तिवराची आणि चिपीची फार थोडी पाने झाडावर असताना खाल्ली जातात, बाकीची गळून चिखलात पडतात. काही खेकडे ती पाने थेट खातात किंवा बिळात ओढून नेतात, आणि उरलेल्या पानांवर बुरशी व जिवाणू वाढतात. कोळंबी आणि बोई जो कुजका पालापाचोळा खातात, त्यातील पोषणाचा मोठा वाटा या सूक्ष्मजीवांमुळे आलेला असतो, कारण नुसत्या पानात प्रथिने कमी आणि पचायला कठीण तंतू जास्त असतात. त्यामुळे ‘गळलेली पाने → जिवाणू व बुरशी → कोळंबी → तांबोशी → माणूस’ अशी साखळी एखाद्या विद्यार्थ्याने काढली, तर विघटक मधे आले म्हणून ती चूक धरू नये. पालापाचोळ्यापासून सुरू होणारी ही साखळी पूर्णपणे बरोबर आहे आणि खाडीच्या परिसंस्थेत ती गौणही नाही.

याच कारणाने वरील विद्यार्थिनीच्या आकृतीत एक दुवा कमी आहे, तो म्हणजे जिवाणू व बुरशी ते कोळंबी. मात्र पाने ते कोळंबी हा दुवा तिने कल्पिलेला असल्यामुळे तो नसल्याबद्दल मी गुण कापणार नाही. प्रश्नात ‘विघटकांचे स्थान दाखवा’ असे असते, तर कापले असते.

असाच सावधपणा निवटीबद्दल बाळगावा लागतो. चिखलावर उड्या मारणाऱ्या या माशाच्या काही जाती मुख्यतः शेवाळ खातात आणि काही जाती लहान खेकडे व किडे खातात. म्हणून शेवाळ ते निवटी आणि लहान खेकडा ते निवटी हे दोन्ही दुवे मान्य करावेत. खाडीच्या काठावर वाढलेल्या मुलाने एखादा दुवा प्रत्यक्ष पाहिलेला असण्याची शक्यता तपासणाऱ्याने गृहीत धरली पाहिजे. तारलीपासून थेट माणसाकडे गेलेला बाणही याच प्रकारात मोडतो. तारली प्लवकांवर जगते, सुरमई अशा लहान माशांवर जगते आणि माणूस दोन्ही खातो, त्यामुळे सुरमईची पायरी गाळली म्हणून तो बाण चुकीचा ठरत नाही.

बंद वर्तुळ आणि जलचक्र

त्रिकोण बंद करणाऱ्या किंवा जिवाणूंकडून पुन्हा तिवराकडे बाण नेणाऱ्या विद्यार्थ्यांवर बहुधा जलचक्राच्या आकृतीची छाप असते. जलचक्र बंद असते, कारण तिथे बाण पाण्याची वाट दाखवतो आणि पाणी फिरून परत येते. ऊर्जा परत येत नाही, ती प्रत्येक पातळीवर मोठ्या प्रमाणात उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तरीही जिवाणू ते तिवर हा बाण सरसकट चूक ठरवू नये. त्यावर काय लिहिले आहे ते पाहावे. ‘क्षार’ किंवा ‘पोषकद्रव्ये’ लिहिले असेल आणि तो बाण तुटक रेषेने किंवा वेगळ्या रंगाने काढला असेल, तर ती उत्तम समज आहे. ‘ऊर्जा’ लिहिले असेल, तर चूक आहे. काहीच लिहिले नसेल, तर विचारल्याशिवाय गुण ठरवू नयेत.

या फरकामुळे वर सांगितलेली बोटाची तपासणी जलचक्राला उलट रीतीने लावावी लागते. अन्नजाळ्यात सर्वोच्च भक्षकापाशी वाट संपली तर चालते, पण जलचक्रात कोणत्याही चौकटीत वाट संपली तर दुवा राहिलेला आहे. कोकणातील मुलांच्या आकृतीत हा अडलेला बिंदू बहुतेक वेळा विहीर किंवा भूजल असतो. पाऊस जमिनीत मुरतो, विहिरीत येतो, आणि तिथे आकृती थांबते. जांभ्यातून मुरलेले पाणी उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, पऱ्ह्यांना मिळते आणि खाडीकडे जाते, म्हणूनच वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये अनेक विहिरींचा तळ दिसतो. ‘तुमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात कुठे जाते?’ एवढे विचारले, की भूजल ते झरा ते पऱ्ह्या हा राहिलेला बाण मूल स्वतः काढते.

किनाऱ्यालगतच्या गावातील एखादा विद्यार्थी समुद्राकडून विहिरीकडे बाण काढतो आणि नमुना उत्तरात तो नसल्यामुळे चूक ठरतो. उपसा वाढल्यावर खारे पाणी जमिनीखालून आत सरकते आणि विहिरीचे पाणी मचूळ होते, ही खरी घटना आहे. त्या बाणावर ‘खारे पाणी झिरपते’ असे लिहिलेले असेल, तर दुवा व दिशा दोन्हींचे गुण द्यावेत. ‘बाष्पीभवन’ लिहिलेले असेल, तर विहिरीकडे जाणारा तो बाण दोन्ही अर्थांनी चुकीचा आहे.

प्रश्नाचा मजकूर

वरील गोंधळाचा बराचसा भाग प्रश्नातील दोन वाक्यांनी टळू शकतो. ऊर्जाप्रवाह हवा असेल, तर ‘ज्याच्याकडून ऊर्जा जाते त्याच्यापासून, ज्याला ती मिळते त्याच्यापर्यंत बाण काढा. प्रत्येक बाणावर काय जाते ते एका शब्दात लिहा’ असे छापावे. संकल्पना चित्र हवे असेल, तर ‘बाणाच्या दिशेने वाचल्यास पूर्ण वाक्य झाले पाहिजे’ असे लिहावे आणि मग ‘बगळा → बोई (पकडतो)’ हे उत्तर निःशंकपणे बरोबर धरावे. नावे ओळीत न देता चौकटीत विखरून छापावीत आणि त्यांत एखादी गोचिडीसारखी जोडी ठेवावी. गुणदानात दुवा आणि दिशा यांचे रकाने वेगळे असावेत. प्राण्यांचे सर्व बाण एकाच तर्काने उलटे असतील, तर दिशेचे गुण प्रत्येक बाणाला न कापता एकूण दिशेच्या गुणांपैकी निम्मे एकदाच कापावेत, असे मी सुचवीन. वरील विद्यार्थिनीला त्या रीतीने दुव्यांचे साडेचार आणि दिशेचे अडीच मिळून सात गुण मिळतील. शेऱ्याच्या जागी मात्र ‘बाण उलटा’ असे न लिहिता तिच्याच आकृतीतील ‘बोई → शेवाळ’ या बाणाखाली ‘येथे ऊर्जा कोणाला मिळाली?’ असा प्रश्न लिहावा.